पहिली जूनवाला नाही, खरा वाढदिवस

पत्र

अक्का, नमस्कार. मी मूळची चोपडा तालुक्यातली, आता जळगावला असते. माझी एक मैत्रीण, पहिलीपासून बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर. मी तिला झिपरी म्हणायचे. लग्न होऊन ती सुरतला गेली, तरी बोलणं चालू होतं. २०२१च्या एप्रिलमध्ये तिचे वडील करोनात गेले. तेव्हा दुखवट्याला दारावर जाणं शक्य नव्हतं, पण मी फोनही केला नाही. गंधमुक्तीचा मेसेज वर्गाच्या ग्रुपवर आला, त्याखाली सगळ्यांसारखे हात जोडले, तेवढंच. मग आज करू, उद्या करू म्हणता म्हणता लाज वाटायला लागली आणि पाच वर्षं गेली. भांडण असं काही झालेलं नाही. तिचा वाढदिवस कागदावर १ जून आहे, खरा मात्र आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी असतो. यंदा तिला ३८ पूर्ण होतील. शुभेच्छा पाठवाव्यात असं फार वाटतं. मेसेज लिहून ठेवलाय, सोबत जोडते. पाठवू का? की आता फार उशीर झाला?

— एक वाचक, जळगाव

उत्तर

अगं, पाठव. पण हा नको पाठवू.

तुझा मसुदा मी दोनदा वाचला, मग मास्तरणीची खोड म्हणून मोजलाही. ४२ ओळी आहेत. ‘सॉरी’ नऊ वेळा आलंय, ‘करोना’ चार वेळा, ‘तुला काय वाटलं असेल’ तीन वेळा. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ एकदाच, शेवटून दुसऱ्या ओळीत. म्हणजे हे शुभेच्छापत्र नाही, माफीनामा आहे, वाढदिवसाचं निमित्त करून आत शिरलेला.

यातली अडचण मला स्वतःवरून माहीत आहे. माझ्या पन्नासाव्या वाढदिवशी सकाळी कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा असाच लांबलचक मेसेज आला. अकरा वर्षांनी. माझ्या एका अवघड काळात ती फिरकली नव्हती आणि ते तिला टोचत होतं. मेसेज वाचून मला आधी आनंद झाला, मग लगेच दडपण आलं. आता हिला काय लिहायचं? ‘जाऊ दे गं, तू कशाला वाईट वाटून घेतेस’ असं लिहावं तर खोटं, कारण मला वाईट वाटलंच होतं. न लिहावं तर तिचा जीव टांगलेला. घरात पुरण शिजत होतं, लेक-जावई आलेले, आणि मी ओट्याशी उभी राहून तिची समजूत काढत होते. वाढदिवस माझा आणि डोळे तिचे पुसायचे. त्या दिवशी मी जे उत्तर दिलं ते घाईचं होतं, आणि ती घाई आमच्यात पुढेही राहिली. नीट बोलायचं होतं ते ‘काही नाही गं’ मध्ये मिटून गेलं.

तुझे ४२ ओळींचे हुंदके झिपरीच्या हातात पडले तर तिचंही तेच होईल. शिवाय तिची जखम साधी नाही. तू वडिलांच्या मरणाबद्दल बोलतेस, तेही आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. आखाजीला आपल्याकडे पितरांची घागर भरतात. तिच्या माहेरी तिचा भाऊ वडिलांच्या नावानं घागर भरेल, पुरणपोळी आणि आमरसाचं पान ठेवलं जाईल. ती माहेरी आली असेल तर समोर बसून बघेल, सुरतला असेल तर मनातल्या मनात. त्यानंतर चोवीस तासांच्या आत तुझा मेसेज जाणार. त्यात वडिलांचं मरण पुन्हा उकरलंस, तर तिला उरलेला दिवस त्यातच काढावा लागेल.

पण याचा अर्थ ‘हॅपी बर्थडे डिअर’ आणि तीन केक असाही नाही. ते तर मेसेज न पाठवण्यापेक्षा वाईट. जिनं बाप गेल्यावर फक्त हात जोडलेली खूण टाकली, ती पाच वर्षांनी फुगे पाठवते, असं दिसेल ते. मला विचारशील तर ‘काहीच झालं नाही’ असं दाखवणारा मेसेज आणि ‘बघ मी किती रडतेय’ असं दाखवणारा मेसेज, दोन्ही एकाच माळेचे मणी. दोन्हीत पाठवणारीची सोय आहे.

मग करायचं काय? तुझ्याच मसुद्यात शोधूया. सोळाव्या ओळीत तू लिहिलंयस, ‘आठवतं का, तुझ्या वाढदिवसाला केक नसायचा, डांगर असायचं. काकू आधी मला फोड द्यायच्या, मग तुला, आणि तू रुसायचीस.’

ही ओळ ठेव. बाकीच्या ४१ ओळी एका वहीत उतरवून घे, त्यांचं नंतर सांगते.

ही ओळच का, ते ऐक. शहरातल्या वाचकांसाठी आधी सांगते, आपण खरबुजाला डांगर म्हणतो. आखाजीच्या सुमाराला तापीच्या वाळूतली डांगरं बाजारात यायची, घागरीवर ठेवायला एक आणि खायला एक अशी घरात आणली जायची. म्हणजे दुसऱ्या दिवशी, तिच्या वाढदिवशी, घरात कापायला डांगर आयतंच. ही गोष्ट जगात फार तर चार-पाच माणसांना माहीत असेल, त्यातली तू एक. ‘शाळेतले दिवस आठवतात’ हे कुणीही कुणालाही लिहू शकतं. रुसण्याचा तपशील फक्त तूच लिहू शकतेस, आणि तो वाचताना तिला हसू येईल.

आणि एक. ते डांगर घरी आणायचं कोण? काकूंनी कापलं, पण बाजारातून वास घेऊन, देठ दाबून, पिशवीत घालून आणलं असेल ते तिच्या वडिलांनीच. तू त्यांचं नाव न घेताही ते त्या ओळीत उभे आहेत. तिला ते दिसतील. तिला वाटलं तर ती त्यांच्याबद्दल बोलेल, नाही वाटलं तर डांगरावर हसून सोडून देईल. निवड तिच्या हातात राहिली पाहिजे, आणि या ओळीत ती राहते. ‘काका गेले तेव्हा’ असं तू लिहिलंस की तिला त्यावर बोलणं भागच पडतं.

आता उशिराचं. तो अजिबात न उल्लेखून चालणार नाही, पण त्याला एकच वाक्य द्यायचं. ‘बोलायला उशीर झाला, तो माझ्याकडून झाला.’ इथे थांबायचं. ‘कारण’ हा शब्द आला की पुढे करोना येतो, मुलांच्या ऑनलाइन शाळा येतात, सासूबाईंचं ऑपरेशन येतं. हे सगळं खरं असेलही. पण करोनानं तुला दारावर जाऊ दिलं नाही, फोन करायला कुणी अडवलं नव्हतं. तुला हे कळतं म्हणूनच तू चार वेळा करोना लिहिलास. तिलाही कळतं.

शेवटी उत्तराबद्दल. तुझ्या मसुद्याचा शेवट आहे, ‘प्लीज रिप्लाय दे, वाट बघतेय, माफ केलंस ना?’ हे तिन्ही काढ. पहिल्या मेसेजात प्रश्नचिन्ह नकोच. ‘कशी आहेस?’ सुद्धा नको. पाच वर्षांनी आलेलं ‘कशी आहेस’ दिसायला छोटं, पण त्याचं उत्तर द्यायचं तर कुठून सुरुवात करायची? माणूस ‘बघू नंतर’ म्हणून फोन पालथा ठेवतो आणि ते नंतर कधी येत नाही. तुझ्यासारखंच तिचंही होईल मग. त्याऐवजी तिला मोकळं कर, उत्तर नाही दिलं तरी चालेल असं सरळ लिही.

तर मेसेज एवढाच होतो:

‘झिपरे, आज तुझा खरा वाढदिवस, पहिली जूनवाला नाही. माले याद शे. केकाऐवजी डांगर, पहिली फोड मला आणि तुझा रुसवा. यंदाची पहिली फोड तुझी. खूप सुखात राहा. बोलायला उशीर झाला, तो माझ्याकडून झाला. उत्तराची घाई नाही, नाही दिलंस तरी चालेल.’

खाली तुझं पूर्ण नाव आणि गावाचं नाव टाक. तुझा नंबर तिच्याकडे सेव्ह असेलच असं धरू नकोस, पाच वर्षांत फोन बदलले असतील. ‘ओळख पाहू कोण’ हा खेळ मात्र नको.

अहिराणीचे दोन शब्द मी मुद्दाम घातलेत. तुम्ही दोघी आपसात अहिराणी बोलत असाल असं धरलंय, मसुद्यात तू दोन ठिकाणी ‘माय वं’ लिहिलंयस त्यावरून. घरी लेवा बोली असेल किंवा तुम्ही शाळेची मराठीच बोलत असाल, तर ते शब्द बदल. जी भाषा बाकावर होती तीच मेसेजात हवी. नव्यानं पाजळलेली अहिराणी लगेच ओळखू येते.

आता दिवसाचं बोलू, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू ओघात लिहून गेलीस. आपल्या पिढीतल्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जून असतो, हे बाहेरच्यांना गंमत वाटतं. घरी बाळंतपण झालेलं, जन्माची नोंद ग्रामपंचायतीत कुणी केलेली नाही, आणि जूनमध्ये शाळा उघडताना गुरुजींना वय बसवायचं असायचं. मग लिहिली १ जून. पुढे दाखला, आधार, पॅन, फेसबुक सगळीकडे तीच चिकटली. त्यामुळे दर १ जूनला झिपरीच्या फोनवर शुभेच्छांचा पूर येत असणार, बँकेपासून विमा एजंटापर्यंत. त्या पुरात तुझा मेसेज वाहून जाईल. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तिला कुणाचाही मेसेज येत नसेल, आईचा फोन सोडला तर. तारीख लक्षात ठेवणं आता फोन करतो, तिथी लक्षात ठेवणं माणसालाच करावं लागतं. तुझी अर्धी माफी त्यातच मागून होते.

एक छोटी गंमत सांगते, कामाची आहे. तिथी दर वर्षी इंग्रजी तारखेच्या मागेपुढे सरकते, पण १९ वर्षांनी ती पुन्हा जवळजवळ जागेवर येते, कारण १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळपास नेमके बसतात. म्हणून १९व्या, ३८व्या आणि ५७व्या वाढदिवसाला तिथी आणि खरी तारीख एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. झिपरीला यंदा ३८. म्हणजे तिची खरी जन्मतारीख तिनं कधी पंचांगावरून काढून घेतली असेल आणि ती आता तारखेनं साजरा करत असेल, तरी तुझा नेम चुकायचा नाही. पुढच्या वर्षी हा योग नाही.

वेळ दुपारची धर, अडीच ते चारच्या मधली. रात्री बाराला नको. बाराचा मेसेज रोज बोलणाऱ्यांचा असतो, पाच वर्षांनी बाराला फोन वाजला की माणूस दचकतो, आणि जिच्या घरी २०२१ मध्ये रात्रीचे फोन वाजलेत तिला तर नकोच. सकाळी माहेरवाशिणींची गडबड, आदल्या दिवशीची भांडी, झोके, पोरं. आखाजीच्या दिवसांत दुपारी बाहेर ४३-४४ अंश ऊन असतं, सगळं गाव कूलरपुढे आडवं झालेलं असतं. बायकांना फोन निवांत बघायला मिळतो तो तेव्हाच. आणि आखाजीच्या दिवशी चुकूनही पाठवू नकोस, एक दिवस आधी शुभेच्छा म्हणजे ऐन घागरीच्या दिवशी.

व्हॉइस मेसेज पाठवू का, असं तू मसुद्याखाली विचारलंयस. नको. लिहिलेलं कुठंही वाचता येतं, आवाज ऐकायला कोपरा शोधावा लागतो. नणंद शेजारी बसलीय, मुलगा फोन ओढतोय, आणि त्यात तुझा भरून आलेला आवाज स्पीकरवर सुरू झाला तर? फोनही नको, त्यात तिला पहिल्या सेकंदाला ठरवावं लागतं की तुझ्याशी कसं वागायचं. आणि वर्गाच्या ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे तू हात जोडले होतेस, त्याच भिंतीवर आता डांगर लावू नकोस.

पाठवण्याआधी नंबर तिचाच आहे ना ते बघ. बंद केलेला नंबर कंपन्या ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकतात, आणि सुरतला जाऊन गुजरातचं सिम घेणारी खानदेशी माणसं काही कमी नाहीत. तुझ्याकडचा जुना नंबर आज कुणा अनोळखी माणसाकडे असू शकतो. व्हॉट्सअॅपवर फोटो दिसत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर यूपीआयच्या अॅपमध्ये पैसे पाठवायच्या जागी तो नंबर टाक, बहुतेक वेळा बँकेतलं नाव दिसतं. नाव बघ आणि मागे ये. एक रुपया पाठवून त्याखाली ‘हॅपी बर्थडे’ लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत, तू त्यातली होऊ नकोस. तेही जमलं नाही तर वर्गातल्या एकीला विचार, पण फक्त ‘तिचा नंबर तोच आहे ना?’ एवढंच. ‘माझ्यावर रागावलीय का गं ती?’ असं विचारलंस की संध्याकाळपर्यंत ते सुरतला पोहोचतं, आणि तुझ्या मेसेजाआधी तुझी चौकशी तिच्या दारात उभी राहते.

आणि एकदा पाठवला की पाठवला. शुद्धलेखन चुकलं तर पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतं, ते कर. पण घाबरून पुसून टाकू नकोस. पुसल्याची खूण तिथे राहते, आणि ‘हिनं काय लिहून पुसलं?’ हे कोडं कुठल्याही मेसेजपेक्षा जास्त छळतं.

पुढचे दोन-चार दिवस तुला जड जातील, म्हणून खुणांचं सांगून ठेवते. एकच टिक बराच वेळ राहिली तर तिचा फोन बंद असेल, नेट नसेल, नंबर बदललेला असेल किंवा तिनं तुला ब्लॉक केलेलं असेल. एका टिकेवरून यातलं नेमकं काय ते ओळखता येत नाही. आठवडाभर एकच टिक, फोटो नाही, शेवटचं कधी आली तेही नाही, असं असेल तर शक्यता ब्लॉकची वाढते. तसं असेल तर बहिणीच्या फोनवरून किंवा नवऱ्याच्या नंबरवरून पाठवू नकोस. दार लावलेलं असताना खिडकीतून हाक मारणं झालं ते. दोन टिका आणि निळ्या नाहीत, याचा अर्थ वाचला नाही असा काढू नकोस, बरेच जण ती सोय बंद ठेवतात.

निळ्या झाल्या आणि उत्तर नाही, हे तुला सगळ्यात जास्त लागेल. तेव्हा तू स्वतःच लिहिलेलं शेवटचं वाक्य वाच, ‘नाही दिलंस तरी चालेल’. ते खरं करून दाखवायचं. ‘मेसेज मिळाला ना?’ पाठवायचं नाही, तिच्या प्रत्येक स्टेटसवर लाल बदाम टाकायचे नाहीत. पुढच्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी एक ओळ पाठव, डांगर नाही, उशीर नाही, फक्त झिपरी आणि शुभेच्छा. त्यालाही काही आलं नाही तर तिथे थांब. तिसऱ्यांदा पाठवलंस तर तो तगादा होतो.

‘थँक्स’ आणि हात जोडलेली खूण, एवढंच आलं तर? बहुतेक हेच येईल, आणि त्यात टोमणा शोधू नकोस. पाच वर्षांपूर्वी तू तिला तेवढंच दिलं होतंस, हे तिच्या लक्षातही नसेल कदाचित. त्यावर एक हसरा चेहरा टाक आणि दोन-तीन आठवडे काही करू नकोस. मग एखादी लहानशी, तिच्या कामाची गोष्ट पाठव. मेहरूण तलावाच्या रस्त्यानं जाताना आंब्यांची गाडी दिसली, जुन्या वर्गाचा फोटो सापडला, असलं काही. तेव्हाही प्रश्न नको. ती जेव्हा स्वतःहून काही विचारेल, तेव्हा समजायचं की दार किलकिलं झालं.

रागाचं उत्तर आलं, ‘आता आठवण झाली का’ असं, तर मनातून खूश हो. राग लिहायला बसलेलं माणूस अजून तुटलेलं नसतं. त्यावर सफाई द्यायची नाही. ‘हो, बरोबर आहे तुझं. तुला चालेल तेव्हा फोन करते, बोलायचंय’ एवढं लिहायचं.

आणि त्या फोनवर वडिलांचं. वहीतल्या ४१ ओळी तेव्हाही वाचायच्या नाहीत गं, त्या लिहून तुझ्या डोक्यातून गेल्या हेच त्यांचं काम. फोनवर तीन वाक्यं पुरतात: ‘काका गेले तेव्हा मी दारावर आले नाही. फोनही केला नाही. चुकलं माझं.’ आणि मग गप्प बसायचं, ती बोलेपर्यंत. ही शांतता लांब वाटेल, दहा सेकंदसुद्धा. ती भरायला करोना आणू नकोस. ती बोलायला लागली की ऐकायचं: शेवटी काय झालं, कुठे नेलं होतं, कुणाला भेटू दिलं आणि कुणाला नाही. त्या वर्षी गेलेल्यांच्या घरच्यांना ही हकीकत सांगायला माणूसच मिळालेलं नाही. दारावर कुणी आलं नाही म्हणजे दहा दिवस तेच तेच सांगून मोकळं होणं झालंच नाही. तू ते आता ऐकलंस तर उशिरा का होईना, दारावर बसल्यासारखंच आहे.

‘माफ केलंस ना?’ फोनवरही विचारू नकोस. तिनं केलं की तुला कळेल, ती तुझ्या मुलांची चौकशी करेल किंवा तुला एखादी शिवी देईल.

काकूंकडे जायचंच, पण झिपरीशी बोलून झाल्यावर, तिला सांगून. आधी परस्पर गेलीस तर आईच्या आडून लेकीवर दाब आणल्यासारखं होईल. काकू बिचाऱ्या लगेच सुरतला फोन लावून ‘अगं ही आलीय, बोल हिच्याशी’ म्हणून फोन तुझ्या हातात देतील, आणि आपली सगळी दुपारची, लिहिण्याची, न विचारण्याची मेहनत पाण्यात. जाशील तेव्हा हातात मिठाईचा पुडा नको. पहिल्यांदा जातेयस ती दुखवट्याला, पाच वर्षांनी गेलीस तरी. पाणी दिलं तर घे, बस, फोटोला हात जोड. या वेळी खरे जोड.

झिपरी आखाजीला माहेरी आलेली असेल, अमळनेर किंवा धरणगाव स्टेशनवर उतरून तुझ्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर असेल, आणि तुला वाटेल की मेसेज कशाला, सरळ जाऊनच उभी राहते. मोह आवर. भरल्या घरात, भावजया आणि पोरांसमोर तिला तुझ्याशी गोड वागावंच लागेल, आणि गोड वागावं लागलं की माणूस आतून आणखी लांब जातं. ती स्वतः ‘ये’ म्हणाली तर मात्र त्याच दिवशी जा, ऊन बघू नकोस.

राहता राहिली १ जून. त्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर सकाळपासून केक आणि फुगे यायला लागतील, तिच्यासाठी आणि आणखी सात-आठ जणांसाठी एकदमच. सगळे टाकतायत म्हणून तुझाही अंगठा वळवळेल. तू काही टाकू नकोस.